फोटोत बसलेलं जाकीट

आमच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं आणि मला सगळ्यात आधी आनंद झाला तो बस्त्याचा. लग्नाचा नंतर झाला.

बस्ता म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायचा दिवस. दोन्हीकडची माणसं गाड्या भरून बीडला निघतात, वाटेत मांजरसुंब्याला उतरून चहा-भजी होतात, कोण कोणावर रुसलंय ते तिथंच कळतं, आणि मग एका मोठ्या दुकानाच्या गादीवर सगळं गणगोत मांडी घालून बसतं. दुकानदार साड्यांच्या घड्या उलगडत जातो. नवरदेवाच्या चुलत आत्यालासुद्धा पदर खांद्यावर टाकून 'हा रंग काही उठत नाही' असं म्हणायचा अधिकार असतो. नवरीला तेवढा नसतो. तिनं फक्त मान हलवायची. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यापासून मला असल्या बस्त्यांना मुद्दाम बोलावतात. मी कापड दोन बोटांत चुरगाळून 'हं' म्हणतो. कापडातलं मला काही कळत नाही, पण त्या 'हं'चं वजन फार आहे.

मुलगी इथं आमच्या अंबाजोगाईलाच एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्त तपासते, त्यामुळे 'अंदाजे' या शब्दाशी तिचं वाकडं आहे. ती म्हणाली, "पप्पा, बस्ता नको."

"म्हणजे?"

"म्हणजे नको. ताईच्या बस्त्यात मी होते. तिला निळी साडी पाहिजे होती. तिच्या आत्येसासूला आमसुली आवडली. लग्नात ताई आमसुलीच नेसली आणि अजून प्रत्येक फोटोत तिचं तोंड आमसुलासारखं आहे. मला माझी साडी मला निवडायचीय. बाकी जेवणावळी, बँड, वरात, काय करायचं ते करा."

नवरदेव पुण्याला नोकरी करतो. त्याचं तिच्याशी आधीच ठरलं होतं. ज्यानं त्यानं घरी बसून फोनवर कपडे बघायचे, तिथंच अंगावर घालून कसे दिसतात ते पाहायचं आणि मागवायचे. राहता राहिले नवरदेवाचे वडील.

आमचे व्याही धारूरचे. शेती आहे आणि शेळ्या-बोकडांचा व्यापार आहे. अंगानं भरभक्कम, आवाजानं त्याहून. त्यांच्या घरी बोलणीच्या बैठकीत बस्त्याचा विषय निघाला आणि ते म्हणाले, "पाव्हणं, मी बोकड घेतो तर पाठीवरून हात फिरवल्याबगर घेत न्हाई. अन् तुमी म्हणताव, कापडाला हात न लावता लगीन करायचं?"

"तसं नाही, आता फोनवर सगळं दिसतं," मी म्हणालो. मला तेव्हा त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

"दिसायला बोकड बी चांगलाच दिसतो. लांबून." त्यांच्या भावकीतली चार माणसं हसली. मग ते जरा नरमले, कारण आमची मुलगी दारात उभी होती आणि ती त्यांना आवडते. "बरं, असं करू. माज्यासाटी एक जाकीट मागवा. अंगाला बसलं तर बस्ता न्हाई. ज्यानं त्यानं आपलं घ्यावं. न्हाई बसलं तर दोन गाड्या काढू, सगळे बीडला जाऊ, अन् मग कुणी कुरकुर करायची न्हाई."

मुलगी काही बोलणार, तेवढ्यात मी म्हणालो, "जाकिटाचं माझ्याकडे लागलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रक्ताच्या बाटलीवर चिठ्ठी चुकीची लागली की ती बहुधा असंच पाहत असावी.

परतताना गाडीत ती घाट उतरल्यावर म्हणाली, "पप्पा, ती माझी साडी आहे. जाकीट नाहीये ते." मी म्हणालो, चिंता करू नको. हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी म्हणालोय, त्या त्या वेळी लोकांनी चिंता करायला हवी होती.

व्याह्यांवर प्रयोग करण्याआधी तो स्वतःवर करावा, असं मी ठरवलं. मुलीनं माझ्या फोनवर कपड्यांचं ॲप टाकून दिलं. त्यात एक सोय अशी की आपला उभा फोटो द्यायचा, आवडलेल्या कपड्यावर बोट ठेवायचं, आणि थोड्या वेळात आपण तो कपडा घालून उभे आहोत असं चित्र येतं. फोटो कसा हवा तेही सांगितलेलं होतं. समोरून, डोक्यापासून पायापर्यंत, हात मोकळे, अंगात ढगळ काही नको, मागे गर्दी नको.

मी फोनमध्ये शोधलं. माझे उभे फोटो भरपूर निघाले, आणि एकूण एक सत्काराचे. खांद्यावर शाल, हातात नारळ, शेजारी कुणीतरी अर्धवट कापलेला. निवृत्त मुख्याध्यापकाचा दुसरा फोटोच नसतो. त्यातल्या त्यात बरा एक दिला. चित्र आलं त्यात मरून रंगाचं जाकीट होतं, पण शाल त्या जाकिटाचीच एक लांब बाही झाली होती आणि नारळ पोटाजवळ एखाद्या भल्यामोठ्या बटणासारखा चिकटला होता. बायकोनं बघितलं आणि म्हणाली, "एवढं मोठं बटण लागेलच तुम्हाला."

शेवटी तिनंच मला बनियन-पायजम्यावर भिंतीला उभं करून फोटो काढला. आणि मग, काय सांगू, जो माणूस पडद्यावर आला त्याला मी ओळखत नव्हतो, पण त्याच्याशी सोयरीक करायला मी एका पायावर तयार होतो. खांदे सरळ, जाकीट वरपासून खालपर्यंत एका रेषेत, पोटाच्या जागी नुसती सभ्य छाया. मी एकामागून एक रंग चढवले. मरून, मोरपंखी, राखाडी, मोहरीचा पिवळा. पिवळ्यात मी हळदीला बसल्यासारखा दिसत होतो, मोरपंखीत बँडवाला. हे मला दुकानात कधी कळलं नसतं, कारण दुकानात सगळे 'शोभतंय, शोभतंय' म्हणतात.

मुलीनं चारही चित्रं एका ओळीत लावून दाखवली. "हे याच्यासाठीच आहे. रंग कुठला, कॉलर कशी, लांबी किती, हे शेजारी शेजारी ठेवून बघायचं. जे शोभत नाही ते आधी बाद करायचं. बसेल की नाही हे यातनं कळत नाही."

"कळत कसं नाही? बसलंय की."

तिनं माझ्या चित्राखाली साईजमध्ये सगळ्यात लहान खूण निवडली. चित्र होतं तसंच. मग सगळ्यात मोठी निवडली. चित्र तसंच. एक सुरकुती हलली नाही. "याला तुमचे इंच माहीत नाहीत. फोटोवर कापड रंगवून देतं ते. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, चित्र अंदाजासाठी आहे."

मी मान डोलावली. वर्गात पोरं अशी मान डोलावायची तेव्हा त्यांना काहीही समजलेलं नसायचं, हे मला नोकरीभर ठाऊक होतं. स्वतःच्या मानेबद्दल मात्र शंका आली नाही. ती ड्यूटीवर गेल्यावर मी मरून जाकीट मागवून टाकलं. साईज एल. कारण मी आधीपासून एलच आहे. कधीपासून, ते विचारू नका.

पार्सल आलं. मी जाकीट घातलं. दोन्ही बाजूंची बटणं आणि काजं एकमेकांकडे बघत लांब उभी राहिली, बोलणी फिसकटलेल्या दोन कुटुंबांसारखी. मी बायकोला सांगितलं की हल्ली जाकीट उघडंच घालतात. ती म्हणाली, "घालतात. पण बंद होणारं उघडं घालतात."

मग मुलीनं साईजचा तक्ता उघडून दिला, शिलाईच्या डब्यातली टेप आईच्या हातात दिली आणि म्हणाली, छाती आणि पोट दोन्ही मोजा. बायकोनं टेप फिरवली.

"श्वास सोडा."

"सोडलाय."

"खोटं बोलू नका. अजून अर्धा आत आहे."

मी सोडला. टेप तिच्या बोटांतून सरकली. छाती त्रेचाळीस. पोटाचा आकडा मी इथं लिहीत नाही, तो फक्त घरात माहीत आहे. मी स्वतः तक्ता वाचला. त्यात एक्सएलसमोर छाती चव्वेचाळीस होती. माझी त्रेचाळीस. म्हणजे एक इंच उरतोच. आता चित्रावर नाही, आकड्यावर विश्वास ठेवला, याचा मला अभिमान वाटला आणि मी जाकीट बदलून मागवलं.

बदलून आलेलं जाकीट लागलं. लागलं म्हणजे बटणं भेटली. पण आत कुडता घालून भेटली तेव्हा मी हलगीसारखा ताणलो होतो. कुणी बोट मारलं असतं तर आवाज निघाला असता.

मुलीनं तक्त्याच्या डोक्यावर बोट ठेवलं. "हे वाचलं का? हे कपड्याचं माप आहे. तुमच्या अंगाचं नाही. कपडाच चव्वेचाळीस आहे. त्याच्या आत तुम्ही असणार, कुडता असणार, श्वास असणार. तीन-चार इंच मोकळे लागतात. काही ठिकाणी तक्ता अंगाच्या मापाचा असतो, तिथं मोकळीक त्यांनी आधीच धरलेली असते. कुठला आहे ते आधी बघायचं."

"असं कावून करतात लोक?" 'का' म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडून धारूरची बोली निघाली.

"तुमच्यासाठीच करतात," ती म्हणाली.

तिसऱ्या वेळी ती जवळ बसली आणि मला बसणारं जाकीट आलं. त्याची साईज मी कुणाला सांगितली नाही. पण जाकीट बसलं आणि माझी भीड चेपली. आता व्याह्यांचं.

नवरदेवानं वडिलांचा फोटो पाठवला. अंगणात, सदऱ्यावर, हात मोकळे. मुलगी आणि मी बसलो आणि सहा-सात जाकिटांतून तीन निवडली. वाईन रंगाचं, बाटलीहिरवं आणि राखी. तिन्ही चित्रं दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकली. तासाभरात व्याह्यांचा फोन आला. आवाज बदललेला होता.

"पाव्हणं, हा वाईनवाला मीच हाय का?"

"तुम्हीच."

"लई बेस दिसतोय की. माजा थोरला भाऊ म्हनला, आमदार वाटतोय." मग जरा थांबून, "हेच मागवा. हिरव्यात मी आमच्या मेव्हण्यासारखा दिसतो."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या फोनवरचा फोटो बदललेला होता. शेळ्यांच्या बाजाराचा जाऊन वाईन रंगाचा आला होता. जाकीट अजून कुठल्या गोदामात होतं आणि हे घालून बसलेसुद्धा.

मी फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, "साईज काय टाकू?"

"चाळीस."

"चाळीस?"

"लग्नापासून चाळीसच. आपल्यात बदल न्हाई."

मी फोन ठेवला. हा माणूस दावणीला बांधलेल्या बोकडाकडे नुसतं बघून किलो सांगतो आणि पावकिलोचा फरक पडत नाही, असं धारूरचा बाजार म्हणतो. मग स्वतःच्या पोटाबद्दल त्याला काही माहीत नसेल कसं? पण प्रश्न तो नव्हताच. प्रश्न असा होता की मुलीच्या बापानं व्याह्याला 'पोटाला टेप लावून आकडा सांगा' असं कसं म्हणायचं? आमच्यात व्याह्याला पाणी देतानासुद्धा तांब्या कुठल्या हातात आहे ते बघतात. मुलीनं विचारावं तर ती होणारी सून. जावई म्हणाला, "मी विचारलं तर म्हणतील, बायको यायच्या आधीच बापाचं पोट मोजायला लागला." सगळ्यांनी मर्यादा पाळली. मर्यादा पाळल्यामुळे आकडा कुणाकडेच नव्हता.

तेव्हा मी माझ्या पद्धतीनं मार्ग काढला. फोटो परत परत पाहिला. जाकीट खांद्याला बसत होतं, पोटावर बसत होतं, बटणं लागलेली दिसत होती. चाळीस म्हणाले होते, त्यात मी आपलेपणानं थोडं वाढवलं आणि एक्सएल निवडून बोट पुढे नेलं.

"काय करताय?" मुलगी चहा घेऊन आली होती.

"व्याही म्हणाले चाळीस. आणि फोटोत बसलंय अगदी."

तिनं कप खाली ठेवला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला, व्याह्यांच्या चित्राखाली सगळ्यात लहान साईज निवडली आणि फोन परत माझ्यासमोर धरला. व्याही तसेच हसत उभे होते. बटणं लागलेली.

"तुमच्या दोन जाकिटांनंतर हे चाललंय," ती म्हणाली. "पप्पा, हे नाही बसलं तर मी काय नेसायचं ते त्यांच्याकडच्या आत्याबाई ठरवणार आहेत."

मी चहा प्यालो. त्यात साखर नव्हती की मला लागली नाही, सांगता येत नाही.

तिनं सासूबाईंना फोन लावला. अजून लग्न व्हायचं होतं म्हणून ती त्यांना काकू म्हणायची. "काकू, काकांचं एखादं जाकीट आहे का, त्यांना नीट बसणारं?"

"हाय की. आमच्या थोरलीच्या लग्नात शिवलेलं."

"मग असं करा. त्याची सगळी बटणं लावा, बाजेवर सपाट पसरा, आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप धरा. मग पोटाच्या जागी तसंच. नंतर एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत. अन् कॉलरच्या खालून लांबी."

मी थक्क झालो. माणसाला हात लावायचाच नाही. त्याला बसणारा कपडा मोजायचा. व्याह्यांचं पोट बाजारात, त्यांचं माप बाजेवर.

थोड्या वेळानं विहीणबाईंचा फोन आला. आवाज दबका. "काखेत चोवीस भरलं. पोटाला साडेचोवीस. त्यांना सांगू नका मी मोजलं म्हणून."

"नाही सांगत. दुपटीनं अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास," मुलगी लिहून घेत म्हणाली. "काकू, ते जाकीट आता बसतं ना व्यवस्थित?"

विहीणबाईंनी आवाज आणखी खाली आणला. "बसतं. पंगतीत बसले की खालची दोन बटणं काढतात."

मुलीनं माझ्याकडे बघितलं, मग तक्त्याकडे. हा तक्ता कपड्याचाच होता, ते तिनं आधी पाहिलं. इंच आहेत की सेंटीमीटर, तेही. थ्रीएक्सएलसमोर छाती अठ्ठेचाळीस, फोरएक्सएलसमोर पन्नास. खांदा दोन्हीत बसत होता, लांबीही. "पंगतीत बटण निघतं म्हणजे अठ्ठेचाळीस पुरत नाही," ती म्हणाली, आणि फोरएक्सएल निवडली.

आता माझी पंचाईत झाली. चाळीस म्हणणाऱ्या व्याह्याला आपण फोरएक्सएल पाठवायचं? कॉलरच्या आत ते ठळक लिहिलेलं असणार. जाकीट बसेल, पण सोयरीक खाली बसायची. मी एक दुपारभर दुसरे दुकानदार धुंडाळले, कारण प्रत्येकाचा तक्ता वेगळा असतो. एकाचं एक्सएल दुसऱ्याकडे डबल एक्सएल. अखेर एक उदार दुकानदार सापडला, त्याच्याकडे पन्नास इंचाला नुसतं डबल एक्सएल म्हणत होते. मी आनंदानं मुलीला दाखवलं. तिथं वाईन रंग नव्हता. तपकिरी होता. तपकिरीत व्याह्यांचं चित्र काढून बघितलं तर आमदार गेला आणि पतसंस्थेचा वसुली अधिकारी आला.

"मग पार्सल आलं की पात्यानं कॉलरमधली ती खूण कापून टाकू," मी म्हणालो.

"कापली तर ते परत घेत नाहीत," मुलगी म्हणाली. "बदलायची वेळ आली तर?"

खूण राहिली.

पार्सल आमच्याकडे आलं. मुलीनं जाकीट बाजेवर पसरून आधी मोजलं. काखेत पंचवीसला सुताभर कमी. तक्त्यात होतं तसंच. रंग फोटोपेक्षा थोडा गडद होता, पण वाईनच. आम्ही धारूरला निघालो. मुलगी मागच्या सीटवर पार्सल मांडीवर घेऊन बसली होती, लॅबचे नमुने नेतात तसं, न हलवता.

व्याह्यांच्या घरी भावकी जमली होती. थोरले बंधू खुर्चीत, आत्याबाई पलंगावर. या आत्याबाई म्हणजे व्याह्यांच्या बहीण, आणि बस्ता झाला असता तर साडीबाबतचं शेवटचं मत त्यांचं. त्यांनी मुलीला जवळ बसवून घेतलं आणि पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुला रानी कलर खुलंल बग. मी बगून ठिवलाय." मुलगी गोड हसली. मला तिच्या कपाळावरची शीर दिसत होती.

व्याह्यांनी जाकीट घातलं. वरचं बटण, दुसरं, तिसरं. सगळी लागली. हात वर केले, खाली केले. आरशात पाहिलं. मग फोनवरचा फोटो काढून आरशाशेजारी धरला आणि दोघांना ताडून बघितलं. फोटोत पोट जरा कमी होतं. तसं त्यांनाही दिसलं असावं, कारण त्यांनी फोन खिशात घातला.

"उभ्यानं सगळंच बसतंय," आत्याबाई म्हणाल्या.

तेवढ्यात विहीणबाई आतून ताट घेऊन आल्या. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर लोण्याचा गोळा. ताट खाली ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बसा जेवायला. बटन लावून."

व्याह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मांडी घातली. त्यांनी एक भाकरी खाल्ली, दुसरी घेतली. थोरले बंधू खुर्चीत पुढे वाकून खालच्या बटणाकडे बघत होते. तिसरी भाकरी विहीणबाईंनी न विचारता वाढली. मला वाटलं, हे जरा जास्त होतंय. पण त्यांनी ती चतकोरही उरू दिली नाही. बटण जागेवर होतं.

मुलीनं श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

व्याही हात धुऊन उठले, जाकीट काढलं, आणि आता घडी घालावी म्हणून भावाकडे दिलं. थोरल्या बंधूंनी कॉलर उलटी केली, चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं, "फोर. एक्स. एल. म्हंजे किती रे?"

मी खिडकीबाहेर धारूरच्या किल्ल्याकडे पाहायला लागलो. किल्ला तिथून दिसत नाही.

व्याह्यांनी जाकीट परत हातात घेतलं, खूण पाहिली, शिवणीवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, ही कंपनी लई बारीक कापती. जपून घेत जा. तुमचंबी बगा, तुमाला तर मोठंच लागंल."

"तेच सांगणार होतो," मी म्हणालो.

"बरं, बस्ता रद्द," ते म्हणाले. "बसलं म्हंजे बसलं. शब्द म्हंजे शब्द."

आत्याबाईंचा हात मुलीच्या पाठीवरून खाली आला. पण त्यांची निराशा फार टिकली नाही, कारण थोरले बंधू म्हणाले, "ते आमदार दिसतंय तसलं माझं बी काढा बरं." पुण्याहून आलेल्या जावयानं त्यांना भिंतीला उभं केलं, फोटो काढला, आणि पाचच मिनिटांत बंधू बाटलीहिरव्या जाकिटात पडद्यावर आले. मग आत्याबाईंना आपण रानी रंगात कशा दिसतो ते बघायचं होतं. मग त्यांच्या जावेला. मग शेजारच्या घरातल्या तिघी. भिंतीपुढे रांग लागली. ज्याला त्याला आपलं चित्र हवं होतं आणि ते आलं की दुसऱ्याचं कसं वाईट दिसतंय ते सांगायचं होतं. म्हणजे मांजरसुंब्याचा चहा सोडला तर बस्ता तिथंच सुरू झाला होता.

त्या गोंधळात टेप माझ्या गळ्यात आली. मी जाणकार, दोन जाकिटं वाया घालवून शिकलेला. पुरुषांची मापं मी घेतली, बायकांची विहीणबाईंनी आतल्या खोलीत. थोरले बंधू म्हणाले की टेपची गरज नाही, ते अडतीस आहेत. मी म्हणालो, असाल, पण ही कंपनी बारीक कापते. त्यावर ते टेपखाली आले. व्याह्यांनी या वाक्याकडे लक्ष दिलं नाही, पण ते दुसऱ्या पाहुण्यांनाही तेच सांगताना मी ऐकलं.

बऱ्याच वेळानं मुलगी कुठं दिसेना म्हणून मी स्वयंपाकघरात डोकावलो. ती आणि तिची आई पाटावर बसल्या होत्या, मधे फोन. पडद्यावर ती दोनदा उभी होती, एकदा निळ्या साडीत, एकदा हिरव्या काठाच्या पांढऱ्यात. बाहेर आत्याबाई ओरडून कुणाला तरी रानी रंग सुचवत होत्या. इकडे कुणी फिरकलं नव्हतं. सगळे आपल्याकडे बघण्यात गुंतलेले.

"निळी," बायको म्हणाली.

"निळीच," मुलगी म्हणाली. "साडीला साईज नसते ते बरंय. ब्लाऊजची बघते." तिनं तक्ता उघडला, डोक्यावरची ओळ वाचली. "हा अंगाच्या मापाचा आहे," असं स्वतःशीच म्हणून आकडा ताडून पाहिला, आणि बोट ठेवलं.

मी दारातून म्हणालो, "मला वाटतं, काठ जरा..."

"पप्पा, झालं," ती म्हणाली. "जा, बाहेर तुमची रांग थांबलीय."